फराळ म्हणजे खाणं नव्हे

माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवायचं काम एकदा माझ्यावर आलं. ते मी असं काही नासवलं की परत दुसऱ्यांदा करावं लागलं.

आज मी सत्तरी ओलांडली आहे आणि हे जाऊन दोन पावसाळे झाले. घरात खाणारी तोंडं आहेत, पण 'आज काय केलं वं' म्हणत चुलीजवळ येऊन भांड्याचं झाकण उचलणारा हात नाही. म्हणून असेल, पण मला त्यांचे जेवणाचे दिवस कमी आठवतात आणि न जेवण्याचे ते दोन दिवस जास्त आठवतात.

तेव्हा मी बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची, म्हणजे आजच्या मानानं अगदी पोरच. आणि पोरीसारखीच शहाणी. सातवी पास. गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं, रेशनचे कागद, औषधांच्या बाटल्या वाचून देणारी. छापलेलं काही हातात आलं की माझी मान ताठ व्हायची. त्या बाईला आज रस्त्यात गाठता आलं असतं तर मी तिची ती ताठ मान दोन बोटांनी धरून खाली केली असती.

आमचं घर भाजीवाल्याचं. मुलगा-सून तेव्हा बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. वडनेरजवळ चार एकर. त्यात वांगी, मिरची, टमाटे, मेथी. हे पहाटे नांदुऱ्याच्या बाजारात माल घेऊन जायचे आणि दहाच्या आत परत यायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची चाल मंदावली. बांधावर बसायला लागले. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. मी विचारलं की म्हणायचे, "ऊन लागलं." दिवाळीनंतरचं ऊन! मग एक दिवस न्हाणीत धुवायला टाकलेल्या धोतरावर मला रक्ताचा डाग दिसला.

"हे काय हाय?"

"मिरची जास्त झाली असन."

"किती दिवसापासून?"

"मोजलं नाई."

मोजलं नव्हतं म्हणजे पुष्कळ दिवसांपासून होतं. ह्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. तेही मूळव्याध म्हणत राहिले, कुणाकुणाचा झाडपाला घेत राहिले, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर पसरलेला होता. त्यांची बायको, माझी मोठी जाऊ, आमच्या शेजारच्याच घरात एकटी राहत होती. ते घर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमी निघालं. त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि खामगावला पाठवलं. तिथे एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा, गुरुवारी, पोटाचे मोठे डॉक्टर यायचे. ते म्हणाले, खालून दुर्बीण घालून पूर्ण मोठं आतडं पाहावं लागेल. भावाचं ऐकल्यावर म्हणाले, लवकरच पाहू. पुढचा गुरुवार नको, त्याच्या पुढचा घेऊ, कारण तयारीला दिवस लागतात.

तयारी नर्सबाईंनी सांगितली. कमी वयाची, पण बोलायला धिमी. हातात छापील कागद दिला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून समजावत गेली. रक्तवाढीची गोळी आजपासून बंद, तिच्यानं आतडं आतून काळं, चिकट होतं. मधुमेहाची, म्हणजे साखरेची गोळी कोणत्या दिवशी घ्यायची आणि कोणत्या दिवशी नाही, ते डॉक्टरांनी मागे लिहिलंय. तीन दिवस आधीपासून भाकरी नाही, पालेभाजी नाही, बियांची भाजी नाही, कच्चं काही नाही, शेंगदाणे-तीळ-खोबरं नाही. पांढरा भात चालेल, धुतलेल्या मूगडाळीचं वरण चालेल, साल काढलेला बटाटा चालेल, मैद्याचा टोस्ट चालेल.

हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे जे रोज खाऊ नोको म्हनतात, थे आता खा म्हनता?"

"तीनच दिवस, काका," नर्सबाई हसली. "चोथा राहिला नाही पाहिजे आतमध्ये. आणि आदल्या दिवशी तर काहीच खायचं नाही. फक्त पातळ. ते पण असं, की ग्लासातून पलीकडचं दिसलं पाहिजे. नारळपाणी, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं डाळीचं पाणी. दूध नको, लाल-जांभळं सरबत नको. संध्याकाळी औषधाची पावडर, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. समजलं ना, मावशी?"

मी कागदाची घडी घालत म्हटलं, "मले वाचता येते."

हेच ते वाक्य. ह्याच्यासाठीच मी त्या सातवी पास बाईची मान धरणार आहे.

तीन दिवस मी नीट पाळले. भात शिजवला, वरण घोटलं. चौथ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, काहीच खायचं नव्हतं. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहिलं तर बुधवारी एकादशी! मला वाटलं देवानंच सोय केली. आमच्या घरात एकादशी म्हणजे कडक. अन्नाचा कण पोटात जात नाही. ह्यांना चाळीस वर्षांची सवय. कागदावरचं 'काही खायचं नाही' आणि आमची एकादशी ह्यांत मला काडीचाही फरक दिसला नाही.

आता आमची कडक एकादशी कशी असते ते सांगते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तिच्यात साबुदाण्याइतकेच शेंगदाण्याचे तुकडे. दुपारी भगर आणि दाण्याच्या कुटाची आमटी. चारच्या सुमाराला राजगिऱ्याचा लाडू. एवढं करून संध्याकाळी बायका ओट्यावर बसतात आणि एकमेकींना सांगतात, "सकायपासून काई खाल्लं नाई वं माय." कुणीच खोटं बोलत नसतं. फराळ म्हणजे खाणं नव्हे, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. खाणं म्हणजे भाकरी, पोळी, भात. बाकीचं सगळं उपासात मोडतं.

तर मी खिचडी केली. आजारी माणूस म्हणून दाण्याचा कूट मुठीनं जास्त घातला. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"अवं, थे बाई काई खाऊ नोको म्हने."

"एकादशी हाय. खाऊन कोन राह्यलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "तुले वाचता येते," असं म्हणाले आणि सगळी खिचडी संपवली. दुपारी भगरही संपवली. लाडू मात्र नको म्हणाले, तोंडात चव नाही म्हणाले. मी आपली त्यावर हळहळले.

औषध मात्र कागदाप्रमाणे दिलं. संध्याकाळी सहाला एक लिटर, सकाळी एक लिटर. परसातल्या संडासाकडे त्यांच्या बारा-चौदा खेपा झाल्या. मला वाटलं, एवढं जाऊन राह्यलं म्हणजे आता आत काय उरणार!

गुरुवारी खामगावला त्याच नर्सबाईनं विचारलं, "काल काही खाल्लं होतं का?"

मी म्हटलं, "कनभरही नाई. कडक उपास."

अशी मी छाती काढून बसले होते बाहेरच्या बाकड्यावर. अर्ध्या तासात डॉक्टरच बाहेर आले. चिडले नव्हते. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "मावशी, शेंगदाणे कधी दिले?"

मला खरंच वाटलं की दुर्बिणीत दिवसही दिसतो की काय.

त्यांनी शांतपणे सांगितलं. डाव्या बाजूचा थोडा भाग दिसला, तिथे काही वाईट नाही. पुढे सगळीकडे दाण्याचे तुकडे आणि भगरीचा गाळ. दुर्बिणीच्या नळीनं ओढून घ्यायला गेलं की तुकडा अडकतो. पुढचं दिसतच नाही, आणि न दिसता पुढे जाणं धोक्याचं. रक्त कुठून येतंय ते आज कळलं नाही. परत करावं लागेल.

"पन फराळ केला हो फक्त," मी म्हटलं. ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि मलाच ऐकू आले.

आतून गुंगीत असलेल्या ह्यांचा आवाज आला. "तिचं काई नाई साहेब. मीच मांगून खाल्लं."

खोटं बोलला तो माणूस. चाळीस वर्षांत त्यांनी ताटात काही मागून घेतलं नव्हतं. वाढलं ते खाल्लं, नाही वाढलं तर पाणी पिऊन उठले. त्या दिवशी माझ्यासाठी मागितलं म्हणाले.

पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. भावजींच्या वेळेला उशीर कुणी केला, तर झाडपालावाल्यानं. ह्यांच्या वेळेला उशीर कुणी केला, तर मी आणि माझ्या खिचडीनं. रोज सकाळी हे परसातून आले की मी तोंडाकडे बघायची. ते मान हलवायचे. म्हणजे आजही रक्त होतं. मग स्वतःच माझी समजूत काढायचे. "काऊन रडून राह्यली वं? तुही खिचडी एवढी चांगली होती का डाक्टरनं थांबून पाह्यली." मी पदरात तोंड घालून हसायची आणि परत रडायची. ते असे होते. आजारी ते, आणि हसवायचं काम त्यांच्याकडेच.

या खेपेला मी कागद भिंतीला चिकटवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मागच्या वेळी साफ झालं नाही म्हणून ह्या वेळी तीनच्या जागी पाच दिवस बिनचोथ्याचं खायचं. मी रोज सकाळी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, आणि हे शाळेतल्या पोरासारखे मागून म्हणायचे. "वांगं?" "बंद." "मेथी?" "बंद." "टमाटा?" "बंद. म्हंजे माह्यं सारं वावरच बंद." शेतात वांगी लटकत होती, मेथी फुलावर आली होती, आणि त्यांचा मालक घरात दुकानातले टोस्ट चहात बुडवून खात होता.

आदला दिवस उजाडला. दोन हंडे पाणी उकळून गाळून ठेवलं. परसातल्या संडासाजवळ पाण्याचं पिंप भरलं, वाटेतला दगड काढला, खुर्ची ठेवली. सकाळी बिनदुधाचा चहा, मग नारळपाणी, दुपारी मूगडाळीचं पाणी पातळ धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं. ग्लास खिडकीत धरून पाहिला. पलीकडचं लिंबाचं झाड दिसलं, तेव्हा दिला.

"नुसता उजेड पाजून राह्यली," हे म्हणाले.

त्या दिवशी मीही काही खाल्लं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. हे ग्लास घेऊन बसलेले आणि मी समोर भाकरी मोडणार, असं मला जमलंच नसतं.

सहा वाजता पावडर घोळली. लिटरभर पाणी, त्यात पूर्ण पुडी, विरघळेपर्यंत ढवळायचं, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. खारट, वरून लिंबाचा खोटा वास. पहिला ग्लास त्यांनी डोळे मिटून प्यायला. दुसऱ्याला म्हणाले, "समुद्र पाह्याचा राह्यला होता माह्या, आता पिऊनच टाकतो." तिसऱ्याला बोलले नाहीत. चौथा अर्धा झाला आणि ते एकदम उठून ओट्याच्या कडेला गेले नि ओकले. परत बसले तर कपाळावर घाम, हात थरथरताहेत. "गरगर होऊन राह्यलं," एवढंच म्हणाले.

नेमकी त्याच वेळेला माझी मोठी जाऊ आली. हातात ताट, ताटात गरम भाकरी आणि पिठलं. तिनं दिवसभर भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं.

"काय करून राह्यली तू माणसाचं?" ती माझ्यावर ओरडली. "पान्यावर ठेवते, वरून जुलाब देते! रंग पाह्य त्याचा. अगोदरच आंगात रक्त नाई. भाऊजी, दोन घास खाऊन घ्या बरं. काई होत नाई दोन घासानं."

पिठल्याचा वास अख्ख्या ओट्यावर पसरला. ह्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "एक तुकडा दे न. कोराच दे."

ह्या वेळी त्यांनी खरंच मागितलं होतं.

माझे हात त्या ताटाकडे गेले होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. माणूस समोर थरथरतोय, मागतोय, आणि भाकरी वाफाळतेय. चाळीस वर्षं हात जे करत आले तेच करायला निघाले. पण माझी नजर भिंतीवर गेली. कागदाच्या खालच्या भागात चौकट होती, 'बरं वाटत नसेल तर'. पाच दिवस मोठ्यानं वाचून ती मला पाठ झाली होती. मळमळ झाली तर थांबा. परत परत उलटी, खूप पोटदुखी, पोट फुगून कडक होणं, चक्कर येऊन पडणं, जास्त रक्त जाणं, ह्यांतलं काही झालं तर लगेच फोन करा. मनानं काही करू नका.

मनानंच तर मी मागच्या वेळी केलं होतं.

मी फोन लावला. नर्सबाईनं उचलला. मी अशी ओरडले की तिला आधी मला शांत करावं लागलं. मग तिनं एकेक विचारलं. उलटी कितीदा? एकदा. पोट कडक आहे का, दाबून पाहा. नाही, मऊ आहे. संडासला लागली का? हो, दोनदा. बोलताहेत का नीट? बोलताहेत, भाकरी मागून राह्यले. ती हसली. तिचं हसू ऐकून माझ्या जिवात जीव आला.

"भाकरी अजिबात नको, मावशी. साखरेची गोळी घेतली का आज?"

"नाई. तुमी लिहून देलं तसं."

"बरोबर केलं. तरी थरथर आहे तर आधी लिंबाचं पाणी, साखर चांगली घालून, चिमूटभर मीठ, घोट घोट द्या. साखर मोजायचं मशीन असेल तर मोजा. अर्धा तास औषध बंद. थरथर थांबली की परत सुरू करा, पण सावकाश. ग्लासाला अर्धा तास लागला तरी चालेल. औषध थंडगार केलं तर प्यायला सोपं जातं. परत उलटी झाली, किंवा घाम थांबला नाही, किंवा चक्कर येऊन पडले, तर वाट पाहायची नाही, तसंच गाडीत घालून आणायचं. अर्ध्या तासानं मला कळवा."

मशीन आमच्या घरात नव्हतं, जावेच्या घरात होतं. भावजींचं. ती ताट खाली ठेवून धावत गेली आणि डबी घेऊन आली. आकडा फार खाली नव्हता, पण काठावर होता. साखरपाणी दिलं. आम्ही दोघी जावा त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो, आणि भाकरीचं ताट आमच्या मध्ये तसंच थंड होत राहिलं.

पंधरा मिनिटांत थरथर थांबली. हे डोळे उघडून म्हणाले, "दोघी बायका बाजूले बसल्या, जेवाचं ताट समोर, अन् खाऊ देत नाई. नरक म्हंतात थो हाच काय?"

जाऊ हसली नाही. तिनं ताट उचललं. दारापर्यंत जाऊन थांबली. "आमच्या वक्ताले कागद नोता देला कोनी," असं म्हणाली आणि गेली. मग परत आली ती तिच्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घेऊन, औषध थंड करायला.

रात्री नर्सबाईला कळवलं आणि उरलेलं औषध सावकाश संपवलं. सकाळी पाचला दुसरा लिटर. तो बिनबोभाट गेला. साडेसहाला संपला, त्यानंतर तोंडात पाण्याचा थेंब नाही, कारण गुंगीचं इंजेक्शन द्यायचं असतं तेव्हा पोट पाण्यापासूनही रिकामं लागतं. फक्त त्यांची रोजची रक्तदाबाची गोळी, ती आधीच घोटभर पाण्याबरोबर दिली होती. आणि माझं काम होतं पाहायचं. कागदावर लिहिलं होतं, शेवटी फक्त पिवळसर, स्वच्छ पाणी जायला हवं. नव्या नवरीला लाजेनं तोंड वर करता येत नाही म्हणतात. मी म्हातारी परसात बॅटरी घेऊन उभी.

"काय दिसून राह्यलं?" आतून आवाज.

"तय दिसून राह्यला."

"आता तं हासशीन?"

मी हसले. त्या सकाळी परसातल्या थंडीत, चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाच्या पोटाचा तळ पाहून मी हसले. एवढी जवळीक लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही नव्हती आमच्यात. आज कुणी मला म्हणालं की एक दिवस परत मिळेल, कोणता पाहिजे, तर मी लग्नाचा मागणार नाही. तोच मागेन. परसात उभी राहीन, बॅटरी धरीन.

दुपारी बाराला त्यांना आत घेतलं. नर्सबाईनं विचारलं, "काल काही खाल्लं होतं का?" ह्या वेळी मी त्यांनी प्यायलेला प्रत्येक ग्लास, झालेली उलटी, दिलेलं साखरपाणी, सगळं सांगितलं. ती लिहून घेत होती. मग म्हणाली, "आणि फराळ?" मी कानाला हात लावले.

बाकड्यावर मी एकटीच. ह्या खेपेला छाती काढून नाही, पाय जवळ घेऊन. अर्धा तास झाला, डॉक्टर बाहेर आले नाहीत. मागच्या वेळी अर्ध्या तासातच आले होते. उशीर झाला म्हणजे दिसून राह्यलं, असं मी स्वतःला सांगत होते. आणि दिसून काय राह्यलं, ते विचारायची हिंमत होत नव्हती.

पाऊण तासानं नर्सबाई बाहेर आली. मी उभी राहिले. ती म्हणाली, "साफ होतं एकदम, शेवटपर्यंत गेली दुर्बीण. उजव्या बाजूला मांसाचा एक मोठा कोंब निघाला आतड्याच्या आतल्या सालीवर, त्यातूनच रक्त यायचं. डॉक्टरांनी तो काढला. तपासायला पाठवताहेत, पण पाहून तरी ते म्हणाले, वेळेवर आलात."

उजव्या बाजूला. मागच्या वेळी शेंगदाण्यांच्या पलीकडे जे राहिलं होतं, तिथेच.

मी खालीच बसले. नर्सबाई जायला निघाली, मग वळली. "अजून एक. काका गुंगीत आहेत, काय काय बोलताहेत. सारखं एकच विचारताहेत. म्हणाले, बाहेर माझी बायको बसली आहे, ती जेवली का, पाहून या. जेवलात ना, मावशी?"

काल सकाळपासून मी काही खाल्लेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं, दाखवलं नव्हतं. एकदाही विचारलं नव्हतं त्यांनी. मला वाटायचं, एवढ्या त्रासात त्यांचं लक्ष गेलं नसेल.

"जेवली म्हना," मी म्हटलं.

ती आत गेली आणि लगेच परत आली. तिच्या हातात दोन बिस्किटं आणि चहाचा कप. "ते म्हणाले, खोटं बोलून राह्यली ती. तिले फराळ द्या."

आठ दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला, वाईट काही नव्हतं. पुढे बिघडलं असतं, आत्ता नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, ठरावीक वर्षांनी परत पाहावं लागेल. तेव्हाही तयारी अशीच. आम्ही एकदा परत केली, मोठ्या रुबाबात. त्यांना सहा वर्षं मिळाली, चांगली. मिरची-मेथी पिकवली, भाकरी मागून मागून खाल्ली. मग एका सकाळी बाजारातून आले, चहा घेतला, आणि छातीवर हात ठेवून गेले. त्याला कोणताच कागद नव्हता.

आता गावात कुणाला दुर्बिणीची तारीख मिळाली की कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी एकेका ओळीवर बोट ठेवते. सगळ्यात आधी विचारते, एकादशी कधी आहे? मग खालची चौकट दोनदा वाचून घेते. बायका म्हणतात, आजी, तुम्हाला बरं सगळं पाठ. मी हो म्हणते.

बायका गेल्या की मी चुलीकडे येते. भाकरी टाकते, एकच. कधी खाते, कधी झाकून ठेवते. सून विचारते, जेवल्या का? मी म्हणते, जेवली. ती बिचारी मानते आणि कामाला लागते.